२४ विहिरींपैकी शून्य: छोट्या नमुन्यातलं प्रमाण अहवालात कसं लिहावं

सत्तरी तालुक्यातल्या विहिरींच्या यादीतून २४ विहिरी निवडल्या, पाणी तपासलं, आणि एकाही विहिरीत ई. कोलाय सापडला नाही. अहवालात काय लिहायचं? ‘दूषित विहिरी ० टक्के’ हे त्या २४ विहिरींपुरतं खरं आहे. पण वाचणारा पंच किंवा गावकरी ते तेवढ्यापुरतं वाचत नाही. तो ‘तालुक्यातल्या विहिरी स्वच्छ आहेत’ असं समजतो आणि पाणी उकळणं सोडून देतो. म्हणून शून्याच्या शेजारी आणखी एक आकडा असावा लागतो: प्रत्यक्षात किती टक्के विहिरी दूषित असूनही आपल्या हाती शून्य येऊ शकलं असतं? हा आकडा म्हणजे विश्वास अंतरालाची, कॉन्फिडन्स इंटर्व्हलची, वरची मर्यादा.

हा लेख प्रकल्प अहवाल पहिल्यांदाच लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि पाणी तपासणीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी आहे. संपूर्ण लेखात एकच उदाहरण घेऊ. ते हिशोबासाठी रचलेलं आहे, कुठल्याही खऱ्या तपासणीचं नाही. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये २४ विहिरी तपासल्या, त्यांतल्या २ विहिरींत ई. कोलाय आढळला. त्याच २४ विहिरी पुढे एप्रिलमध्ये तपासल्या, तेव्हा एकाही विहिरीत आढळला नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच आढळता कामा नये. त्यामुळे प्रत्येक विहिरीचं उत्तर ‘आढळला’ किंवा ‘नाही’ एवढंच आहे, आणि आपल्याला त्याचं प्रमाण मांडायचं आहे.

पायरी १: आधी मोजायचं एकक ठरवा

हिशोबात नमुन्याचा आकार म्हणून जो `n` येतो, तो बाटल्यांचा की विहिरींचा? बहुतेक चुका सूत्राच्या आधी इथेच होतात. समजा प्रत्येक विहिरीतून तीन-तीन बाटल्या भरल्या. बाटल्या ७२ झाल्या, पण एकाच विहिरीच्या तीन बाटल्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. एकीत जंतू नसले तर दुसरीतही नसण्याचीच शक्यता जास्त. प्रश्न ‘किती विहिरी दूषित आहेत’ असा असेल तर `n` २४ च राहतो. ७२ धरला तर शून्याच्या बाबतीत वरची मर्यादा १४ टक्क्यांवरून थेट ५ टक्क्यांवर येते. नवी माहिती काहीच मिळालेली नसते, फक्त कागदावरचा आकडा धीर देणारा होतो. तीन बाटल्या भरण्याचा उपयोग वेगळा आहे: एका विहिरीचं उत्तर जास्त भरवशाचं होतं. तिघींपैकी एकीतही जंतू आढळला तर विहीर ‘आढळला’ या गटात टाकायची, हा नियम आधीच लिहून ठेवा.

शून्य खरं आहे ना, हेही याच टप्प्यावर पाहायचं. तपासणीला माणसं येणार म्हणून आदल्या दिवशी कुणी विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली असेल, तर त्या शून्याचा अर्थच बदलतो. क्लोरीन असलेल्या पाण्यासाठी बाटलीत सोडियम थायोसल्फेट घालतात ते याचसाठी, नाहीतर प्रयोगशाळेच्या वाटेवरही क्लोरीन आपलं काम करत राहतो. बाटल्या बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचायला हव्यात. विहिरी रस्त्यालगतच्या, गाडी पोचेल अशाच निवडल्या असतील तर पुढचा कुठलाही हिशोब ती उणीव भरून काढत नाही. विश्वास अंतराल फक्त निवडीतल्या योगायोगाचा हिशोब देतो, एका बाजूला झुकलेल्या निवडीचा नाही.

पायरी २: पाठ्यपुस्तकातलं पहिलं सूत्र बाजूला ठेवा

प्रमाणाच्या विश्वास अंतरालाचं जे सूत्र सगळ्यात आधी शिकवतात, ते वाल्ड पद्धतीचं:

```
p ± 1.96 * sqrt( p*(1-p)/n )
```

ऑक्टोबरसाठी `p` म्हणजे २ भागिले २४, म्हणजे ८.३ टक्के. सूत्रात आकडे घातले की उत्तर येतं उणे २.७ टक्के ते १९.४ टक्के. दूषित विहिरींचं प्रमाण उणे असूच शकत नाही. काही जण उणे आकडा खोडून तिथे शून्य लिहितात. हा उपाय नव्हे, कारण दोन विहिरींत जंतू प्रत्यक्ष सापडले आहेत, तेव्हा खालची मर्यादा शून्य असणं अशक्यच आहे. वरची मर्यादाही तितकीच चुकलेली असते, फक्त ती डोळ्यांना खटकत नाही.

एप्रिलच्या आकड्यांवर तर हे सूत्र पूर्णच कोलमडतं. `p` शून्य, म्हणून वर्गमूळाखाली शून्य, म्हणून अंतराल शून्य ते शून्य. सूत्र म्हणतं की २४ विहिरी पाहून आपल्याला संपूर्ण तालुक्याचं उत्तर तिळमात्र शंकेविना कळलं. कारण सूत्राच्या रचनेतच आहे. किती अनिश्चितता आहे याचा अंदाज ते हाती आलेल्या प्रमाणावरूनच बांधतं, आणि ते प्रमाण शून्य असलं की अनिश्चितताही शून्य धरतं. नमुना मोठा असेल आणि प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर हे सूत्र ठीक चालतं. आपल्याकडे दोन्ही नाही.

दुसऱ्याचा अहवाल वाचताना हे ओळखायला सोपं आहे. अंतराल मधल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना अगदी सारखा पसरलेला असेल, किंवा शून्याखाली गेलेला असेल, किंवा ‘० ते ०’ असेल, तर वाल्ड वापरलेला आहे असं समजा. शून्याजवळच्या प्रमाणाचा नीट काढलेला अंतराल वरच्या बाजूला लांब आणि खालच्या बाजूला आखूड असतो.

पायरी ३: दोनपैकी एक पद्धत निवडा

छोट्या नमुन्यासाठी दोन पद्धती लक्षात ठेवल्या तरी पुरतं. एक एडविन विल्सन यांनी १९२७ साली मांडलेली. दुसरी क्लॉपर आणि पीअर्सन यांची, १९३४ ची, जिला ‘अचूक’ पद्धत असंही म्हणतात.

विल्सनची पद्धत साध्या कॅल्क्युलेटरवर होते. ९५ टक्क्यांसाठी:

```
mid  = (x + 1.92) / (n + 3.84)
half = 1.96 / (n + 3.84) * sqrt( x*(n-x)/n + 0.96 )
```

`x` म्हणजे जंतू आढळलेल्या विहिरी. ऑक्टोबरसाठी `mid` येतो ३.९२ भागिले २७.८४, म्हणजे ०.१४०८. वर्गमूळाखाली २ गुणिले २२ भागिले २४, अधिक ०.९६, म्हणजे २.७९; त्याचं वर्गमूळ १.६७. म्हणून `half` ०.११७७. वजाबाकी-बेरीज केली की अंतराल २.३ ते २५.८ टक्के. मधला बिंदू १४ टक्क्यांवर आहे, ८.३ वर नाही, हे पाहून गोंधळू नका. अहवालात प्रमाण म्हणून ८.३ च लिहायचं, `mid` हा फक्त हिशोबातला थांबा आहे.

क्लॉपर-पीअर्सनचा हिशोब हाताने करणं किचकट, पण स्प्रेडशीटमध्ये दोन ओळींत होतो:

```
=BETA.INV(0.025, x, n-x+1)
=BETA.INV(0.975, x+1, n-x)
```

`x` आणि `n` च्या जागी आपले आकडे घाला. ऑक्टोबरसाठी उत्तर १.० ते २७.० टक्के. `x` शून्य असेल तेव्हा पहिली ओळ उत्तराऐवजी एरर दाखवते. तिथे खालची मर्यादा सरळ ० लिहायची आणि दुसरीच ओळ वापरायची.

आर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर:

```
binom.test(2, 24)$conf.int
prop.test(2, 24, correct = FALSE)$conf.int
```

पहिली ओळ क्लॉपर-पीअर्सनची, दुसरी विल्सनची. दुसरीत `correct = FALSE` लिहायचं राहिलं तर आर स्वतःहून एक दुरुस्ती लावतं आणि अंतराल रुंद होतो. मग तुमचा आकडा हाताने काढलेल्या विल्सनशी जुळत नाही.

कुठली निवडायची? क्लॉपर-पीअर्सन ‘किमान ९५ टक्के’ची हमी देते, म्हणून तिचा अंतराल थोडा जास्त रुंद असतो. विल्सनचा अंतराल आखूड असतो. तो सरासरीने ९५ टक्क्यांच्या जवळ राहतो, पण काही ठिकाणी त्याखाली घसरतो. लोकांच्या आवडीनिवडींचं सर्वेक्षण असेल तर मी विल्सन घेईन. पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत मात्र क्लॉपर-पीअर्सनच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे, कारण इथे चूक व्हायचीच असेल तर ती सावधगिरीच्या बाजूला व्हावी. निवड आकडे पाहण्याआधी करा आणि संपूर्ण अहवालात तीच ठेवा. ज्या ओळीत जी पद्धत सोयीची ती वापरली, तर तक्त्यातल्या दोन ओळी एकमेकींशेजारी ठेवून वाचताच येत नाहीत.

पायरी ४: शून्याचा हिशोब

शून्याच्या बाबतीत क्लॉपर-पीअर्सनचा हिशोब इतका सोपा होतो की तो एकदा स्वतः करून पाहावाच, म्हणजे विश्वास अंतराल नेमकं काय सांगतो ते कायमचं कळतं.

समजा तालुक्यातल्या ५ टक्के विहिरी खरोखर दूषित आहेत. यादृच्छिक निवडलेली एक विहीर स्वच्छ निघण्याची शक्यता ०.९५. अशा २४ च्या २४ स्वच्छ निघण्याची शक्यता ०.९५ चा २४ वा घात, म्हणजे ०.२९. म्हणजे ५ टक्के विहिरी दूषित असूनही दहातल्या जवळजवळ तीन तपासण्यांत तुमच्या हाती शून्यच येईल. तेव्हा ५ टक्के ही शक्यता शून्याने मुळीच खोडली जात नाही. प्रमाण २ टक्के असेल तर शून्य येण्याची शक्यता ६२ टक्के. आता उलट वर जात राहा. कुठल्या प्रमाणाला पोचल्यावर शून्य दिसणं फारच दुर्मीळ होतं? ‘फारच दुर्मीळ’ म्हणजे २.५ टक्के असं धरलं तर:

```
=1-0.025^(1/24)
```

उत्तर ०.१४२. एप्रिलचा विश्वास अंतराल झाला ० ते १४.२ टक्के. तालुक्यातल्या दर सात विहिरींमागे एक दूषित असती, तरी आपल्या २४ मध्ये एकही न सापडणं अगदीच अशक्य नव्हतं. विल्सनने हीच वरची मर्यादा १३.८ येते, दोन्ही जवळजवळ आहेत.

इथे एक बारीक गोष्ट आहे जिच्यामुळे दोन प्रामाणिक अहवालांतले आकडे जुळत नाहीत. शून्याच्या बाबतीत खालच्या बाजूला चुकायला जागाच नाही, म्हणून काही जण पूर्ण ५ टक्के वरच्या बाजूला देतात. मग सूत्रात ०.०२५ ऐवजी ०.०५ येतं आणि वरची मर्यादा ११.७ टक्के होते. ही एकपक्षी मर्यादा. ‘तीनचा नियम’ म्हणून जो पटकन अंदाज सांगतात, म्हणजे एकही न सापडल्यास वरची मर्यादा ३ भागिले `n`, तो याच एकपक्षी हिशोबाचा आहे: ३ भागिले २४, म्हणजे १२.५ टक्के. `n` तीसच्या वर असेल तर हा अंदाज फारच जवळ येतो. त्याखाली थोडा जास्त सांगतो. तोंडी चर्चेत, शेतात उभं राहून, हा नियम उत्तम. अहवालात मात्र सूत्राने काढलेला आकडा द्या आणि एकपक्षी की द्विपक्षी ते लिहा. ऑक्टोबरची ओळ द्विपक्षी आणि एप्रिलची एकपक्षी, असं एकाच तक्त्यात करू नका, कारण तेवढ्यानेच एप्रिलचा आकडा अडीच टक्क्यांनी बरा दिसू लागतो.

पायरी ५: गाव लहान असेल तर

आतापर्यंत आपण शेकडो विहिरींच्या यादीतून २४ निवडल्या असं धरलं. पण समजा प्रश्न एकाच गावाचा आहे, सगळ्या वाड्यांवर मिळून ४० विहिरी आहेत, आणि त्यांतल्या २४ तुम्ही तपासल्या. मग वरची १४.२ टक्क्यांची मर्यादा गरजेपेक्षा जास्त भीती दाखवते. अर्ध्याहून जास्त गाव तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलंच आहे. अनिश्चितता उरली फक्त १६ विहिरींची.

इथे टक्क्यांऐवजी विहिरी मोजा. गावात ३ दूषित विहिरी असत्या, तर त्या तिन्ही न तपासलेल्या १६ मध्येच असण्याची शक्यता किती?

```
=COMBIN(16,3)/COMBIN(40,3)
```

उत्तर ०.०५७. चार असत्या तर `COMBIN(16,4)/COMBIN(40,4)`, म्हणजे ०.०२०. आपली सीमा ०.०२५ ची आहे, म्हणून ३ ही शक्यता टिकते आणि ४ बाद होते. अहवालात लिहायचं: गावातल्या ४० विहिरींपैकी दूषित विहिरी जास्तीत जास्त ३. हे वाक्य गावकऱ्यांना टक्केवारीपेक्षा लवकर कळतं, आणि पुढचं कामही त्यातूनच दिसतं: उरलेल्या १६ तपासून टाका. तपासलेला भाग एकूण संख्येच्या साधारण दहाव्या हिश्श्याहून जास्त असेल तेव्हा हा हिशोब करावा. त्याहून कमी असेल तर फरक नगण्य असतो.

पायरी ६: वाक्य कसं लिहावं

प्रत्येक वाक्यात चार गोष्टी हव्यात: मूळ आकडे, टक्केवारी, अंतराल, पद्धत. उदाहरणार्थ:

‘ऑक्टोबरमध्ये तपासलेल्या २४ विहिरींपैकी २ विहिरींत (८.३ टक्के) ई. कोलाय आढळला, ९५ टक्के विश्वास अंतराल १.० ते २७.० टक्के, क्लॉपर-पीअर्सन पद्धत, द्विपक्षी.’

‘एप्रिलमध्ये तपासलेल्या २४ विहिरींपैकी एकाही विहिरीत ई. कोलाय आढळला नाही. ९५ टक्के विश्वास अंतराल ० ते १४.२ टक्के, क्लॉपर-पीअर्सन पद्धत, द्विपक्षी.’

मूळ आकडे कधीही गाळू नका. ‘२४ पैकी २’ असेल तर वाचणारा हवी ती पद्धत वापरून स्वतः पडताळू शकतो. नुसत्या ‘८ टक्के’वरून काहीच करता येत नाही. दशांश एकापेक्षा जास्त देऊ नका. एका विहिरीने इथे प्रमाण ४.२ टक्क्यांनी हलतं, तिथे ८.३३३ लिहिणं म्हणजे नसलेला नेमकेपणा दाखवणं.

सामान्य वाचकासाठीच्या पत्रकात हेच सोप्या शब्दांत लिहा: ‘तपासलेल्या २४ विहिरींत जंतू आढळले नाहीत. पण तपासणी लहान आहे. न तपासलेल्या विहिरींपैकी काही दूषित असू शकतात, साधारण सातात एक इथपर्यंत.’ ‘९५ टक्के खात्री आहे की प्रमाण ० ते १४.२ च्या मध्ये आहे’ असं वाक्य सर्रास दिसतं, पण ९५ टक्के हा आकडा पद्धतीबद्दल आहे. याच रीतीने पुन्हा पुन्हा नमुने घेतले तर निघालेल्या अंतरालांपैकी किमान ९५ टक्के अंतरालांत खरं प्रमाण सापडेल, एवढंच तो सांगतो.

पायरी ७: ऑक्टोबर आणि एप्रिलची तुलना

दोन ओळी एकाखाली एक आल्या की ‘पाणी सुधारलं’ असं लिहायचा मोह होतो. दोन्ही अंतराल मोठ्या भागात एकमेकांवर पडतात, पण तुलना त्यावरूनही करू नये, कारण विहिरी त्याच आहेत. अशा जोडीच्या आकड्यांसाठी मॅक्नेमार चाचणी असते, आणि ती फक्त ज्यांचं उत्तर बदललं त्या विहिरी पाहते. आपल्याकडे दोनच विहिरी बदलल्या, दोन्ही एकाच दिशेने. नुसत्या योगायोगानेही दोन्ही बदल एकाच दिशेने होण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून चाचणीचं `p` मूल्य ०.५ येतं. तेव्हा ‘ऑक्टोबरमध्ये २, एप्रिलमध्ये ०, एवढ्या आकड्यांवरून बदल झाला की नाही ते सांगता येत नाही’ असंच लिहावं.

पुढच्या फेरीची आखणीही याच सूत्राने होते. ‘दूषित विहिरी ५ टक्क्यांहून कमी’ असं द्विपक्षी अंतरालाच्या आधाराने म्हणायचं असेल, तर एकही न सापडता किमान ७२ वेगवेगळ्या विहिरी तपासाव्या लागतील. एकपक्षी चालणार असेल तर ५९. त्यांत एक जरी दूषित निघाली, तर हा आकडा पुरणार नाही. म्हणून बाटल्या आणि प्रयोगशाळेची वेळ मागताना यापेक्षा जास्त विहिरींची तरतूद ठेवा.